घसरता रुपया आणि पोटॅशची गोणी

(अहमदनगर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रुपयाची किंमत घसरू लागली की दोन सूर हमखास ऐकू येतात. एक सूर राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा असतो. रुपया म्हणजे जणू देशाची पगडीच, आणि ती खाली आली की देशाची मान खाली गेली, असे तो सांगतो. दुसरा सूर निर्यातदारांचा असतो. घसरणीमुळे परदेशी आपला माल स्वस्त होईल आणि सारे काही ठीक होईल, असा दिलासा तो देतो. या दोन सुरांच्या गदारोळात तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, आणि तोच सामान्य माणसाच्या संसाराचा प्रश्न आहे. डॉलर महागला तर कृषिसेवा केंद्रातली खताची गोणी कितीने महागणार? केव्हा महागणार? आणि ती महागली नाही, तर मधल्या मध्ये तो भार कोणाच्या खांद्यावर गेला?

विनिमय दरातील बदल आयात वस्तूंच्या आणि पुढे सर्वसाधारण वस्तूंच्या किमतीत ज्या प्रमाणात उतरतो, त्याला अर्थशास्त्रात विनिमय दराचे किमतीतील संक्रमण म्हणतात. डॉलर दहा टक्क्यांनी महागला आणि वस्तू सात टक्क्यांनी महागली, तर संक्रमण सत्तर टक्के झाले. दोन टक्क्यांनीच महागली, तर ते वीस टक्के झाले. व्याख्या एवढी सोपी आहे. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत हे प्रमाण पाण्याच्या उत्कलनबिंदूसारखा निसर्गाचा एखादा स्थिरांक असावा अशा थाटात मांडलेले असते. प्रत्यक्षात ते तसे नाही. ते बंदरापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर कोणते कर बसवले आहेत, कोणते अनुदान कोणत्या पद्धतीने दिले आहे आणि भाव ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, यांवर ठरते. ते माणसांनी ठरवलेले असते. म्हणूनच तो राजकारणाचा विषय आहे.

धक्क्यावर पूर्ण

प्रथम बंदराच्या धक्क्यावर काय घडते ते पाहू. जागतिक बाजारात जो देश आपल्या खरेदीविक्रीने भाव हलवू शकत नाही, त्याला अर्थशास्त्रात लहान मुक्त अर्थव्यवस्था म्हणतात. येथे लहानपणाचा अर्थ लोकसंख्येशी किंवा क्षेत्रफळाशी नाही. भाव सांगणारे आपण की ऐकणारे, एवढाच प्रश्न असतो. या कसोटीवर भारत एखाद्या वस्तूत मोठा आणि दुसऱ्या वस्तूत लहान असू शकतो. खाद्यतेलात भारत जगातील सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. आपली मागणी घटली तर मलेशिया-इंडोनेशियातील पामतेलाचा भाव थोडासा तरी हलतो आणि घसरणीचा काही अंश तिकडच्या विक्रेत्यालाही सोसावा लागतो. खनिज तेलात आपली खरेदी मोठी असली तरी भाव जगाचा चालतो. पोटॅशमध्ये तर कॅनडा, रशिया आणि बेलारूस येथील मोजके विक्रेते भाव सांगतात. आपल्याला घासाघीस करता येते, पण आपल्याकडे पालाशाच्या व्यापारी खाणी नसल्यामुळे पाठ फिरवता येत नाही.

दुसरी गोष्ट चलनाची. गीता गोपीनाथ यांनी २०१५ साली मांडलेल्या आकडेवारीनुसार भारताच्या आयातीपैकी सुमारे ८६ टक्के आयातीचे व्यवहार डॉलरमध्ये होतात, मात्र अमेरिकेतून येणारा माल सुमारे पाच टक्केच असतो. म्हणजे माल रशियाचा, जहाज भलत्याच देशाचे आणि बिल मात्र डॉलरचे. करार एकदा डॉलरमध्ये झाला की तो मुदत संपेपर्यंत बदलत नाही. त्यामुळे रुपया घसरला की धक्क्यावर उतरणाऱ्या मालाची रुपयांतील किंमत जवळजवळ त्याच प्रमाणात आणि तत्काळ वाढते. धक्क्यावरील संक्रमण जवळपास शंभर टक्के असते, असे अशा वस्तूंबाबत म्हणता येईल.

आता याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जाऊ. रिझर्व्ह बँकेच्या अलीकडील काही वर्षांच्या पतधोरण अहवालांत असा अंदाज दिलेला असतो की, रुपया पाच टक्क्यांनी घसरला तर ग्राहक किंमतींवर आधारित महागाईचा दर सुमारे ०.३५ टक्क्याने वाढेल. म्हणजे शंभरात सात. धक्क्यावर शंभर आणि ग्राहकाच्या खात्यात सात. मग उरलेले त्र्याण्णव गेले कोठे? त्यांतील मोठा भाग निर्वेध आहे. माणसाच्या खर्चातील घरभाडे, दूध, भाजी, न्हाव्याची मजुरी यांचा डॉलरशी थेट संबंध नसतो, म्हणून सरासरीत परिणाम लहान दिसतो. परंतु उरलेला भाग वाटेत कोणीतरी अडवलेला, पुढे ढकललेला किंवा एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर टाकलेला असतो. त्याचा माग काढायचा तर सरासरी सोडून एका वस्तूचा हात धरून चालावे लागते.

एका गोणीचे गणित

अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, उसाचा जिल्हा आहे. आशियातील पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो प्रवरानगरचा कारखाना याच जिल्ह्यात उभा राहिला आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठही याच जिल्ह्यात राहुरीला आहे. या विद्यापीठाची सुरू उसासाठीची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे. यांपैकी पालाश म्युरिएट ऑफ पोटॅशमधून द्यावयाचे तर, त्यात ६० टक्के पालाश असल्यामुळे, हेक्टरी पन्नास किलोच्या जवळजवळ चार गोण्या लागतात. या गोणीतला कण न् कण समुद्रापलीकडून येतो. म्हणून उदाहरण म्हणून ती फार सोयीची आहे.

आकडेमोड समजावी म्हणून येथे सुटसुटीत आकडे घेऊ. पोटॅशचा भाव टनाला ४०० डॉलर आणि डॉलरचा दर ५० रुपये आहे असे समजा. धक्क्यावर टनाची किंमत २०,००० रुपये झाली. माल उतरवणे, गोण्या भरणे, रेल्वेच्या मालधक्क्यापर्यंतची वाहतूक, व्याज आणि विक्रेत्याचे कमिशन मिळून आणखी ३,००० रुपये धरा. एकूण २३,००० झाले. सरकार टनाला १०,००० रुपये अनुदान देते असे धरले, तर शेतकऱ्याला टन १३,००० रुपयांना, म्हणजे गोणी ६५० रुपयांना मिळेल.

आता डॉलर ५० वरून ६० रुपयांवर गेला, म्हणजे वीस टक्क्यांनी महागला. धक्क्यावरची किंमत २४,००० झाली आणि इकडचा ३,००० रुपयांचा खर्च तसाच राहिला. एकूण २७,००० झाले. येथून पुढे तीन वाटा फुटतात आणि तिन्ही वाटांवर उत्तर वेगळे येते.

पहिली वाट अशी की अनुदानच नाही. मग गोणी १,१५० वरून १,३५० वर गेली, म्हणजे साडेसतरा टक्क्यांच्या आसपास महागली. डॉलर वीस टक्क्यांनी महागला, पण वाहतूक-कमिशनाचा देशी खर्च रुपयांत असल्यामुळे घसरण थोडी सौम्य होऊन पोहोचली.

दुसऱ्या वाटेवर विक्रीचा भावच सरकारने बांधलेला असतो. गोणी ६५० ची ६५० लाच राहिली. शेतकऱ्याच्या दृष्टीने संक्रमण शून्य झाले. पण सरकारचे अनुदान टनाला १०,००० वरून १४,००० वर, म्हणजे चाळीस टक्क्यांनी वाढले. भार नाहीसा झाला नाही. तो खजिन्यात गेला.

तिसऱ्या वाटेवर अनुदान रुपयांत ठरावीक असते आणि भाव मात्र मोकळा असतो. २७,००० मधून तेच १०,००० वजा झाले आणि टन १७,००० चा, गोणी ८५० ची झाली. भाववाढ जवळजवळ एकतीस टक्के. डॉलर वीस टक्क्यांनी वाढला आणि गोणी एकतीस टक्क्यांनी. संक्रमण शंभराहून अधिक, दीडशे टक्क्यांच्या पुढे गेले. पाठ्यपुस्तकात संक्रमण शून्य ते शंभर यांच्या दरम्यान फिरत असते. येथे ठरावीक अनुदानाने घसरणीला भिंग लावले. ज्या अनुदानाचा हेतू शेतकऱ्याला सावली देण्याचा होता, त्याच्याच रचनेमुळे ऊन अधिक तीव्र झाले.

२०१० ते २०१३

ही तिसरी वाट कागदावरची नाही. १ एप्रिल २०१० पासून केंद्र सरकारने स्फुरद आणि पालाश या खतांना पोषणद्रव्यांवर आधारित अनुदानाची पद्धत लागू केली. प्रत्येक किलो पोषणद्रव्यामागे किती रुपये द्यायचे हे वर्षासाठी ठरले आणि विक्रीचा भाव ठरवणे कंपन्यांवर सोपवण्यात आले. युरिया मात्र जुन्याच पद्धतीत, बांधलेल्या भावात राहिला. त्यामुळे एकाच दुकानात, एकाच फळीवर, दुसरी आणि तिसरी वाट शेजारी शेजारी दिसू लागली. निसर्गाने एखादा प्रयोग मांडून द्यावा तशी ही स्थिती होती.

नवी पद्धत येण्यापूर्वी पोटॅश टनाला ४,४५५ रुपये, म्हणजे गोणी सुमारे २२३ रुपयांना होती आणि डीएपी टनाला ९,३५० रुपये, म्हणजे गोणी साडेचारशे-पावणेपाचशेला होती. २०१२-१३ पर्यंत पोटॅशची गोणी आठशेच्या पुढे आणि डीएपीची गोणी बाराशेच्या घरात गेली. उसाला हेक्टरी ११५ किलो स्फुरद डीएपीतून द्यायचे तर पाच गोण्या लागतात. केवळ त्या पाच गोण्यांमागे साडेतीन हजारांहून अधिक वाढ झाली. ही सारी वाढ रुपयाच्या घसरणीची आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. जागतिक भावही त्या काळात चढले होते आणि अनुदानाचे दरही पुढे घटवण्यात आले. म्हणून या तीन धाग्यांचा गुंता सोडवला पाहिजे.

त्यासाठी पोटॅशचे करार उपयोगी पडतात. भारताच्या आयातदारांनी २०११ च्या उन्हाळ्याअखेर केलेल्या कराराची सरासरी टनाला सुमारे ४९० डॉलर येत होती. तेव्हा डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता. गुणाकार केला तर टनाला २२,००० रुपयांच्या थोडे वर. फेब्रुवारी २०१३ मध्ये नवा करार ४२७ डॉलरला झाला. डॉलरमधील भाव तेरा टक्क्यांनी उतरला. ही बातमी शेतकऱ्यांसाठी आनंदाची असायला हवी होती. परंतु तोपर्यंत डॉलर ५४ रुपयांपर्यंत आला होता. गुणाकार पुन्हा केला, तर टन २३,००० रुपयांच्या वर गेला. जगात स्वस्त झालेली वस्तू भारताच्या धक्क्यावर महाग उतरली.

त्यानंतर मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोख्यांची खरेदी आवरती घेण्याचे सूतोवाच केले आणि परकीय भांडवल बाहेर धावू लागले. २८ ऑगस्ट २०१३ रोजी डॉलर ६८ रुपयांच्याही पुढे गेला. त्याच ४२७ डॉलरच्या टनाची किंमत त्या दिवशी २९,००० रुपये झाली. आणि नेमक्या त्याच वर्षी पालाशावरील अनुदान किलोला २४ रुपयांवरून १८ रुपये ८३ पैशांवर आणलेले होते. टनाच्या हिशेबाने १४,४०० चे ११,३०० झाले. जागतिक भाव उतरल्याचे कारण अनुदान घटवण्यामागे होते. पण डॉलरमधील उतार रुपयातील घसरणीने आधीच गिळून टाकला होता, याचा हिशेब त्या घटीत धरलेला दिसत नाही.

न आलेली स्वस्ताई

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. २०१३ च्या जुलैअखेर रशियाच्या उरालकाली या कंपनीने बेलारूसबरोबरची संयुक्त विक्रीव्यवस्था मोडली आणि जगातील पोटॅशचा भाव कोसळू लागला. २०१४ चा भारताचा करार ३२२ डॉलरपर्यंत उतरला. या काळात दुकानातील गोणीचा भाव पूर्वीइतका चढत नव्हता. वरवर पाहणाऱ्याला वाटले असते की रुपया एवढा घसरला तरी गोणी महागली नाही, म्हणजे संक्रमण झालेच नाही. हा दृष्टिभ्रम आहे. रुपया ५४ वर टिकला असता तर गोणी ज्या भावाला यायला हवी होती, तो भाव आणि प्रत्यक्ष भाव यांतील अंतर हेच संक्रमण होय. महागाई दिसते, तिच्यावर मोर्चा निघतो. न आलेली स्वस्ताई दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी रस्त्यावर येत नाही.

भाव चढताना आणि उतरताना सारखा वेग नसतो, ही गोष्टही याच्याशी जोडलेली आहे. आयातदार माल बहुधा उधारीवर उचलतो आणि डॉलर काही महिन्यांनी चुकते करतो. माल विकताना उद्याचा डॉलर कितीला पडेल हे त्याला माहीत नसते. त्यामुळे घसरणीच्या काळात तो भावात आधीच थोडी गादी भरून ठेवतो. रुपया सावरला तरी महाग घेतलेला साठा संपेपर्यंत, गोणीवर छापलेला कमाल भाव बदलेपर्यंत, हंगाम उलटून गेलेला असतो. खरिपात खत घेणाऱ्या शेतकऱ्याला दिवाळीत उतरलेल्या भावाचा काय उपयोग?

उतार अडवण्याचे काम सरकारही करते. जून २०१४ नंतर जगात खनिज तेलाचे भाव कोसळले. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने पेट्रोल-डिझेलवरील अबकारी कर नऊ वेळा वाढवला. स्वस्ताईचा मोठा भाग पंपावर येण्यापूर्वीच खजिन्याने उचलला. शिवाय आयात शुल्क जेथे किमतीच्या टक्केवारीने असते, तेथे रुपया घसरला की शुल्काची रक्कम काहीही न करता वाढते. म्हणजे ज्या घटनेने ग्राहकाच्या खिशाला चाट बसते, तिनेच खजिन्याची वसुली फुगते. घसरणीच्या काळात असे शुल्क कमी करण्याची मागणी ही म्हणूनच भीक नव्हे. आपोआप झालेली करवाढ मागे घेण्याची ती मागणी आहे.

युरियाची स्वस्ताई आणि जमिनीचा हिशेब

आता फळीवरच्या दुसऱ्या गोणीकडे वळू. २०१३ मध्ये युरियाचा बांधलेला भाव टनाला ५,३६० रुपये, म्हणजे पन्नास किलोच्या गोणीला २६८ रुपये होता. करांचा किरकोळ फरक सोडला तर रुपया ४५ असो की ६८, गोणीचा भाव हलला नाही. युरियाही मोठ्या प्रमाणात आयात होतो आणि देशात तयार होणाऱ्या युरियासाठी लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा काही भागही परदेशांतून येतो. तेव्हा येथे घसरणीचा सारा भार अनुदानावर पडला. अनुदानाची तरतूद अपुरी पडली की कंपन्यांची देणी पुढच्या वर्षावर ढकलली गेली, त्यांनी बँकांकडून कर्जे काढली, आणि तूट वाढली. तुटीतून येणारी भाववाढ उशिरा येते आणि ती कोणाच्या नावावर टाकावी हे कळत नाही. पण ती येते.

याहून गंभीर परिणाम मातीत झाला. एका गोणीवर घसरण भिंगातून पडत होती आणि शेजारच्या गोणीला तिचा स्पर्शही नव्हता. शेतकऱ्याने जे करायचे तेच केले. त्याने महाग पोटॅश आणि डीएपी कमी केले आणि स्वस्त युरियाची मूठ वाढवली. २००९-१० मध्ये देशातील नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या वापराचे प्रमाण ४.३, २ आणि १ असे होते. २०१२-१३ मध्ये ते ८.२, ३.२ आणि १ असे झाले. तीन वर्षांत पालाशाच्या तुलनेत नत्राचा वापर जवळजवळ दुप्पट झाला. जिल्ह्यातील कालव्याखालच्या जमिनी आधीच पाण्याच्या अतिरेकाने त्रस्त आहेत. तेथे खताच्या असमतोलाची भर पडावी, हा विनिमय दराच्या संक्रमणाचा असा परिणाम आहे जो महागाईच्या कोणत्याही निर्देशांकात सापडणार नाही.

पुढे २०२१ साली जगात कच्च्या मालाचे भाव चढले, तेव्हा बाराशेची डीएपीची गोणी एकोणीसशेवर जाणार असे दिसू लागले. त्या मे महिन्यात केंद्राला गोणीमागचे अनुदान ५०० वरून १,२०० रुपये करावे लागले आणि गोणी बाराशेलाच राहिली. याचा अर्थ लक्षात घ्यावा. ठरावीक अनुदानाची पद्धत नावाने कायम राहिली, पण असंतोष दिसताच सरकार तिसऱ्या वाटेवरून दुसऱ्या वाटेवर आले. वाट बदलता येते. ती निसर्गाने आखलेली नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा दुसरा कोणता हवा?

कांद्याचा दोष रुपयावर नको

इतके सांगितल्यावर उलट दिशेचा इशाराही दिला पाहिजे. कार्यकर्त्याला एक कारण सापडले की प्रत्येक महागाई त्याच खुंटीला टांगण्याचा मोह होतो. २०१३ च्या नोव्हेंबरात ग्राहक किमतींची वार्षिक वाढ अकरा टक्क्यांच्या पुढे गेली होती. रुपया नुकताच घसरला होता, तेव्हा दोष त्याचाच, असे म्हणणे सोपे होते. परंतु त्या महिन्यांत सर्वांत अधिक भडकला होता तो भाजीपाला, आणि त्यात आघाडीवर होता कांदा. नगरच्या नेप्ती बाजारात येणारा कांदा डॉलरने पिकत नाही. त्याची टंचाई पाऊस, साठवण आणि व्यापार यांतून आली होती. पुढे नवा माल बाजारात येताच भाव उतरले, रुपया मात्र ६०-६२ च्या आसपासच होता. ओळखण्याची खूण हीच आहे. ज्या वस्तूंत आयातीचा अंश मोठा आहे त्या आधी आणि अधिक महागल्या का, आणि ज्यांत तो नाही त्या स्थिर राहिल्या का, हे पाहावे. सगळ्याच वस्तू एकदम किंवा उलट क्रमाने महागल्या असतील, तर मूळ दुसरीकडे शोधावे.

हीच चूक एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाली होती. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, म्हणजे साडेसत्तावन्न टक्क्यांनी महागला. त्यानंतर महागाई झाली आणि ती अवमूल्यनाच्या खात्यात लिहिली गेली. पण १९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षे दुष्काळाची होती आणि धान्य महागले ते मुख्यतः त्यामुळे. आयात मालाचे म्हणाल तर परवाना पद्धतीमुळे त्याचा बाजारभाव आधीच सरकारी दराच्या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक होता. परवाना ज्याच्या हाती, त्याला मधला मलिदा मिळत होता. अवमूल्यनाबरोबर अनेक वस्तूंवरील आयात शुल्कही उतरवण्यात आले. त्यामुळे दुकानातला भाव साडेसत्तावन्न टक्क्यांनी वाढण्याचे कारणच नव्हते. घसरणीचा मोठा भाग परवानेवाल्याच्या नफ्यात मुरला. संक्रमण अपुरे असते तेव्हा नेहमी गरिबाचेच रक्षण होते असे नाही आणि नेहमी गरिबावरच भार पडतो असेही नाही. मधला नफा कोण खात होता, यावर ते ठरते.

घसरणीत सगळ्यांचे नुकसान होते असेही नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कोपरगाव-राहात्याकडील सोयाबीन उत्पादकाला आयात पामतेल महागले की थोडा बरा भाव मिळण्याची शक्यता असते, कारण देशी तेलाचा भाव आयात तेलाच्या सावलीत ठरतो. पण तोच शेतकरी डीएपी विकत घेतो आणि त्याच्या घरची चूल तेलाशिवाय पेटत नाही. शेतमजुराच्या बाबतीत तर एकच बाजू शिल्लक राहते. त्याच्याकडे विकायला सोयाबीन नाही, असते ती फक्त मजुरी, आणि मजुरीला डॉलरची सावली नसते. रिझर्व्ह बँकेचे शंभरात सात हे प्रमाण सर्वांची सरासरी आहे. भाडोत्री ट्रॅक्टर, खत आणि तेल यांवर ज्याचा खर्च अधिक, त्याच्यासाठी ते सात राहत नाही.

चार रकान्यांची वही

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? रुपयाच्या प्रतिष्ठेवर भाषणे करण्याऐवजी एक साधी वही घालावी. तिच्यात चार रकाने असावेत. पहिल्यात वस्तूचा डॉलरमधील भाव, दुसऱ्यात डॉलरचा दर, तिसऱ्यात कर आणि अनुदान, चौथ्यात तालुक्याच्या दुकानातील प्रत्यक्ष भाव. पहिल्या दोन रकान्यांचा गुणाकार वाढला आणि चौथा वाढला नाही, तर तिसऱ्या रकान्यात पाहावे. भार खजिन्याने घेतला असेल किंवा कोणाचा तरी नफा आटला असेल. गुणाकार उतरला आणि चौथा तसाच राहिला, तरीही तिसऱ्या रकान्यात पाहावे. तेथे वाढलेला कर नाहीतर कापलेले अनुदान सापडेल. तेही सापडले नाही तर व्यापाऱ्याच्या कमाईकडे बोट दाखवायला हरकत नाही, पण हिशेब हाती असल्याशिवाय दाखवू नये.

या वहीतून निघणारी मागणीही नेमकी असेल. स्फुरद-पालाशावरील अनुदान रुपयांत गोठवू नये. हंगामापूर्वी ज्या विनिमय दराने माल आला तो दर धरून ते दुरुस्त व्हावे, म्हणजे निदान घसरणीला भिंग तरी लागणार नाही. युरिया आणि इतर खतांच्या भावांत असलेली दरी टप्प्याटप्प्याने कमी व्हावी, आणि ती करताना लहान शेतकऱ्याला मिळणारी एकूण मदत घटू नये. टक्केवारीने बसणाऱ्या शुल्कांतून घसरणीमुळे जे अधिक उत्पन्न येते, ते वेगळे मोजून जाहीर करावे.

२०२५ च्या डिसेंबरात डॉलरने ९० रुपयांची रेषा ओलांडली. त्या वेळीही प्रतिष्ठेचा आणि निर्यातीचा असे दोन्ही सूर यथासांग उमटले. रुपया कोठे थांबावा हे नगरच्या शेतकऱ्याच्या किंवा हमालाच्या हाती नाही, आणि बऱ्याच अंशी ते दिल्लीच्याही हाती नाही. परंतु घसरलेल्या रुपयाचा भार धक्क्यापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर कोणी किती उचलायचा, हे मात्र पूर्णपणे येथेच ठरते. लढा द्यायचा तो त्या वाटेवर द्यायला हवा.